१९८१ की १९८९? चुकीच्या वयावर बसलेला विमा हप्ता आणि एक अर्ज

माझा भाचा हर्णै बंदरावरून मासळी वाहणारा टेम्पो चालवतो. १ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंत टेम्पो दारात उभा असतो, आणि वर्षभर तुंबलेली कागदपत्रांची कामं त्याच दोन महिन्यांत उरकायची असतात. २०२५ च्या जूनमध्ये तो विमा कंपनीच्या संकेतस्थळावर पॉलिसीला पॅन जोडायला बसला. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा उत्तर एकच: जन्मतारीख जुळत नाही. मी एका विमा कार्यालयात सेवेची बरीच वर्षं काढली असल्यामुळे तो पॉलिसीची पिशवी घेऊन माझ्याकडे आला.

पॉलिसी मुदत विम्याची होती. विमा रक्कम २५ लाख, मुदत २५ वर्षं, सुरुवात १४ जानेवारी २०१६. बाँडच्या पहिल्या पानावर जन्मतारीख ०१-०६-१९८१ आणि वय ३५ छापलेलं. भाच्याचा जन्म १९८९ चा. म्हणजे दहा हप्ते त्याने आठ वर्षं मोठ्या माणसाच्या दराने भरले होते.

"मामा, एवढी वर्षं कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" त्याने विचारलं. बाँडच्या मागे प्रस्ताव अर्जाची प्रत जोडलेली होती, उत्तर तिथेच सापडलं. अर्ज एजंटने इंग्रजीत भरला होता आणि खाली भाच्याची मराठी सही होती. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला लावला होता, जिल्हा परिषदेच्या शाळेतला, शाईच्या हस्ताक्षरातला, आणि त्याची झेरॉक्स फिकट होती. दाखल्यावर जन्मसाल देवनागरी आकड्यांत होतं. १९८९ मधल्या शेवटच्या ९ चा काही भाग झेरॉक्समध्ये पुसट झाला होता आणि तो आकडा सरळ १ सारखा दिसत होता. एजंटने १९८१ लिहिलं, कार्यालयाने तेच संगणकात चढवलं. ओळखपत्र म्हणून जुनं मतदार कार्ड होतं. त्यावर जन्मतारीख नव्हती, फक्त '१-१-२००८ रोजी वय १८' एवढंच होतं. ते गणित कुणी मांडलंच नाही. १९८१ चा जन्म असता तर त्या दिवशी वय २६ भरलं असतं.

पण त्याच दाखल्यावर आकड्यांच्या खालच्या ओळीत जन्मतारीख अक्षरी लिहिलेली होती: एक जून एकोणीसशे एकोणनव्वद. झेरॉक्समध्येही ती ओळ वाचता येत होती. सगळं प्रकरण या एका ओळीवर उभं राहिलं.

भाच्याने मला विचारण्याआधीच एक अर्ज देऊन टाकला होता. दोन पानांचा. एजंटने फसवलं, कार्यालयाने लक्ष दिलं नाही, माझे पैसे व्याजासह परत करा, आणि शेवटी 'माझी जन्मतारीख बदलून १-६-१९८९ करावी'. सोबत आधार कार्डाची प्रत. दहा दिवसांत उत्तर आलं की पॉलिसी घेताना दिलेला वयाचा पुरावा ग्राह्य धरला असून आता जन्मतारखेत बदल करता येणार नाही.

भाचा चिडला, पण मला त्या उत्तरामागचं कारण माहीत होतं. विमा कार्यालयात 'जन्मतारीख बदला' हे शब्द वाचले की टेबलावरचा माणूस सावध होतो. एकदा मान्य झालेला पुरावा बाजूला सारून नवा, सोयीचा पुरावा आणणारे लोक त्याने पाहिलेले असतात. वय कमी दाखवलं की हप्ता कमी होतो, म्हणून अशा विनंतीकडे संशयाने पाहणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. भाच्याचा मामला मात्र उलटा होता. त्याला काहीच बदलायचं नव्हतं. कंपनीकडे पहिल्या दिवसापासून असलेला पुरावा नीट वाचला जावा, एवढंच मागायचं होतं. या दोन मागण्या कागदावर जवळजवळ सारख्या दिसतात, पण कार्यालयात त्या दोन वेगळ्या वाटांनी जातात. पहिली नवीन पुराव्याच्या छाननीला जाते, दुसरी नोंदीतली चूक म्हणून दुरुस्तीला.

म्हणून पहिलं काम कागद गोळा करण्याचं होतं, आणि कागद असे हवे होते की जे जुन्या दाखल्याचीच साक्ष देतील. भाचा शाळेत गेला आणि मुख्याध्यापकांकडून प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, घेऊन आला. त्यावर रजिस्टर क्रमांक, आकडी आणि अक्षरी जन्मतारीख, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का होता. मूळ दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक आणि उताऱ्यावरचा क्रमांक एकच आहे, हे मी दोनदा तपासलं. पॅन कार्डावर १-६-१९८९ होतंच, ते पूरक पुरावा म्हणून जोडलं. आधार कार्ड मात्र मुख्य पुरावा म्हणून लावू नकोस, असं त्याला सांगितलं. ते ओळखीसाठी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवताना आधारापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला होता.

इथे घरातून एक वेगळाच प्रश्न आला. माझी बहीण म्हणाली, "अरे, एक जून ही तारीख तर गुरुजींनी लावलेली. हा झाला गौरी-गणपतीत." कोकणात आणि इतरत्रही त्या काळच्या कितीतरी मुलांचा वाढदिवस शाळेच्या रजिस्टरात १ जून आहे, कारण जून महिन्यात शाळेत घालताना वय बसवायचं असे. तिची आठवण खरी असणार, मला त्यात शंका नाही. आणि तिचा परिणाम हप्त्यावरही झाला असता. या पॉलिसीत वय जवळच्या वाढदिवसाने धरलं जातं. १ जून १९८९ धरली तर १४ जानेवारी २०१६ ला २६ वर्षं ७ महिने पूर्ण होतात, म्हणजे जवळचा वाढदिवस २७ वा. सप्टेंबरचा जन्म धरला तर २६ वर्षं आणि चारेक महिने, म्हणजे वय २६. हप्ता अजून थोडा खाली आला असता.

तरीही ती तारीख आम्ही अर्जात आणली नाही. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद शोधली, मिळाली नाही. आईच्या आठवणीपलीकडे कागद नव्हता, आणि दहावीची सनद, पॅन, वाहन परवाना सगळीकडे १ जूनच आहे. ती तारीख आणली असती तर चूक दुरुस्त करण्याचा अर्ज खरोखरच जन्मतारीख बदलण्याचा अर्ज झाला असता, आणि पहिलं नकाराचं पत्र योग्य ठरलं असतं.

जवळच्या वाढदिवसाची ही पद्धत बऱ्याच जणांना माहीत नसते. भाच्याने पहिल्या अर्जात 'माझं वय २६ धरावं' असं लिहिलं होतं. पूर्ण झालेलं वय म्हणून ते बरोबर होतं, पण या पॉलिसीच्या नियमाने चूक. काही योजनांत पूर्ण झालेलं वय धरतात, काहींत जवळचं. म्हणून अर्जात वयाचा आकडा मागू नये. जन्मतारीख द्यावी, सुरुवातीची तारीख द्यावी आणि पॉलिसीच्या पद्धतीनुसार वय काढून हप्ता ठरवावा असं लिहावं. आपण चुकीचा आकडा मागितला तर मूळ मागणीच चुकीची आहे असं सांगायला समोरच्याला जागा मिळते.

मग पॉलिसीच्या अटी वाचल्या. वयासंबंधीचं कलम बाँडच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं. या पॉलिसीत ते दोन भागांत होतं. खरं वय नोंदलेल्या वयापेक्षा जास्त निघालं तर सुरुवातीपासूनचा फरक व्याजासह भरावा लागेल. कमी निघालं तर हप्ता खऱ्या वयानुसार बदलून जास्त भरलेली रक्कम बिनव्याजी परत मिळेल. व्याज घेताना आहे आणि देताना नाही, हे मला न्याय्य वाटत नाही. पण करार हा आहे, आणि सही झालेली आहे. भाच्याने व्याज मागितल्यामुळे त्याच्या पहिल्या अर्जाला आणखी एक उणं लागलं होतं. नव्या अर्जातून आम्ही व्याज काढून टाकलं.

हिशेबासाठी शाखेतून त्या योजनेचं २०१६ चं दरपत्रक मागितलं. या विमा रकमेला आणि मुदतीला वय ३५ चा वार्षिक हप्ता कर सोडून ८,१५० रुपये, वय २७ चा ५,२०० रुपये. फरक २,९५० रुपये. जानेवारी २०१६ ते जानेवारी २०२५ असे दहा हप्ते, म्हणजे २९,५०० रुपये. हे आकडे या एका पॉलिसीचे आहेत. मुदत विम्यात वयाचा फरक असा ठळक दिसतो, कारण हप्ता जवळजवळ सगळा मृत्यूच्या जोखमीचा असतो. बचतीच्या, म्हणजे एंडोमेंट पॉलिसीत हप्त्याचा मोठा भाग बचतीचा असल्यामुळे तेवढ्याच वयाच्या फरकाने हप्ता बराच कमी हलतो.

कराचा हिशेब वेगळा केला. हप्त्यावरचा कर दर वर्षी सारखा नव्हता. २०१६ च्या जानेवारीत सेवा कर उपकरासह साडेचौदा टक्के होता, २०१७ च्या जानेवारीत पंधरा, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर अठरा. त्या दरांनी जास्त भरलेल्या हप्त्यावरचा कर असा निघाला: पहिल्या हप्त्यावर ४२७.७५, दुसऱ्यावर ४४२.५०, आणि नंतरच्या आठ हप्त्यांवर प्रत्येकी ५३१, म्हणजे ४,२४८ रुपये. एकूण ५,११८.२५. अर्जात ही रक्कम मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात घातली. कराचे नियम वेगळे आहेत, आणि करावर अडलेला हिशेब मुद्दलालाही अडवून धरतो.

२८ जुलैला दिलेला अर्ज असा होता.

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
(कंपनी व शाखेचं नाव)

विषय: पॉलिसी क्र. ………: प्रस्ताव अर्जात जन्मसाल चुकीचे नोंदले गेल्याबद्दल नोंद दुरुस्ती व हप्त्याची फेरआकारणी

महोदय,

वरील पॉलिसी दि. १४-०१-२०१६ पासून सुरू असून सर्व हप्ते वेळेवर भरलेले आहेत.

प्रस्तावासोबत वयाचा पुरावा म्हणून मी शाळा सोडल्याचा दाखला (रजिस्टर क्र. ………) दिला होता. तो आपल्या दप्तरी आहे. त्या दाखल्यावर माझी जन्मतारीख अक्षरी 'एक जून एकोणीसशे एकोणनव्वद' अशी आहे. प्रस्ताव अर्जात व पॉलिसीत मात्र ती ०१-०६-१९८१ अशी नोंदली गेली आहे. दाखल्याच्या प्रतीत शेवटचा आकडा पुसट असल्याने ही चूक झाल्याचे दिसते.

मी वयाचा कोणताही नवीन पुरावा देऊन जन्मतारीख बदलून मागत नाही. आपल्याकडे असलेल्या पुराव्यानुसार नोंद दुरुस्त व्हावी एवढीच विनंती आहे. त्याच रजिस्टर क्रमांकाचा प्रवेश निर्गम उतारा पडताळणीसाठी सोबत जोडला आहे.

माझ्या विनंत्या अशा आहेत. (१) जन्मतारीख ०१-०६-१९८९ अशी दुरुस्त करून त्याचे पृष्ठांकन द्यावे. (२) पॉलिसीच्या सुरुवातीच्या तारखेला, पॉलिसीत लागू असलेल्या पद्धतीने वय काढून, त्या वेळच्या दरपत्रकानुसार हप्ता पुन्हा ठरवावा. (३) वयासंबंधीच्या अटीनुसार जानेवारी २०१६ पासून जास्त भरलेला हप्ता परत करावा. माझ्या हिशेबाने ही रक्कम २९,५०० रुपये आहे. हिशेबाचा तक्ता जोडला आहे. आपला हिशेब वेगळा असल्यास त्याची वर्षवार माहिती लेखी द्यावी.

जास्त भरलेल्या हप्त्यावर आकारलेला कर (माझ्या हिशेबाने ५,११८.२५ रुपये) नियमानुसार जेवढा परत करता येईल तेवढा करावा. कराबाबत निर्णयास वेळ लागणार असल्यास वरील तीन विनंत्या त्यासाठी थांबवू नयेत.

सोबत: मूळ पॉलिसी बाँड, प्रस्ताव अर्जाची प्रत, दाखला व निर्गम उतारा यांच्या साक्षांकित प्रती, पॅनची प्रत, हिशेबाचा तक्ता, बँक खात्याचा तपशील व रद्द केलेला धनादेश.

आपला,
(सही, नाव, पत्ता, भ्रमणध्वनी)

यात एजंटचा उल्लेख नाही. भाच्याला ते पटत नव्हतं. पण एजंटने मुद्दाम केलं असं म्हणायला पुरावा नव्हता, आणि आरोप केला की कार्यालय आधी एजंटचं म्हणणं मागवणार, तो आता ते काम सोडून पुण्याला गेलेला. अर्ज महिनोन्‌महिने पडून राहिला असता. मूळ बाँड देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि 'मूळ बाँड मिळाला' असे शब्द लिहून घेतले. ही पोच नसेल तर बाँड हरवला की नवा काढण्याचा खर्च आपल्याच अंगावर येतो.

ऑगस्ट उजाडला, टेम्पो पुन्हा बंदरावर जायला लागला आणि मग शाखेतून फोन आला की तीन वर्षं उलटून गेली आहेत, कलम ४५ प्रमाणे आता पॉलिसीत काही करता येत नाही. हे वाक्य मी नोकरीत असतानाही ऐकलं आहे, आणि ते चूक आहे. विमा अधिनियम १९३८ चं कलम ४५ विमाधारकाच्या संरक्षणासाठी आहे. तीन वर्षांनंतर कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, असं ते सांगतं. त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमात वयाचा उल्लेख आहे: प्रस्तावात वय चुकीचं सांगितलं गेल्याचं नंतर पुराव्याने दिसलं आणि त्यानुसार पॉलिसीच्या अटी जुळवून घेतल्या, तर तेवढ्याने पॉलिसीवर आक्षेप घेतला असं मानलं जात नाही. म्हणजे वयाची दुरुस्ती तीन वर्षांच्या मर्यादेबाहेर ठेवलेली आहे. हेच पोटकलम दुसऱ्या बाजूनेही चालतं, हे विसरू नये. भाच्याचं खरं वय जास्त निघालं असतं, तर कंपनीलाही दहा वर्षांनी फरक मागता आला असता, आणि योजनेच्या कमाल वयाबाहेर गेलं असतं तर पॉलिसीच अडचणीत आली असती. असा अर्ज देण्याआधी आपलं वय कोणत्या बाजूला जातं हे नक्की करून घ्यावं.

आम्ही फोनवर वाद घातला नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. अर्जाची पोच, कलम ४५ (५) चा उल्लेख, बाँडवरचं वयाचं कलम, आणि दाखल्यावरच्या अक्षरी ओळीचा मोठा करून काढलेला फोटो, एवढंच पाठवलं. चौदा दिवसांत उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' या संकेतस्थळावर तक्रार करायची, आणि कंपनीला लेखी तक्रार देऊन महिना उलटूनही समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं, असं ठरवलं होतं. लोकपालाकडे फी नसते आणि वकीलही लागत नाही. पण तिथपर्यंत जावं लागलं नाही.

अकराव्या दिवशी उत्तर आलं, अर्धं. जन्मतारीख दुरुस्त केली जाईल आणि कमी हप्ता जानेवारी २०२६ पासून लागू होईल. मागच्या हप्त्यांबद्दल एक अक्षरही नव्हतं. भाचा खूश झाला, "चालेल मामा, पुढचं तरी वाचलं." मी त्याला थांबवलं. बाँडवरच्या कलमात 'जास्त भरलेली रक्कम' परत करण्याचं लिहिलं आहे, आणि ती पुढच्या वर्षांची असूच शकत नाही. हे एकच वाक्य आणि कलमाचा क्रमांक लिहून पुन्हा ईमेल केला. सही करण्यासाठी आलेल्या फॉर्ममध्ये 'या दुरुस्तीने माझ्या सर्व मागण्यांचं समाधान झालं आहे' अशी ओळ छापलेली होती. ती खोडून, बाजूला सही करून, फक्त जन्मतारखेच्या दुरुस्तीपुरता फॉर्म परत दिला. ती ओळ तशीच ठेवून सही केली असती तर २९,५०० रुपये तिथेच संपले असते.

ऑक्टोबरमध्ये खात्यात ३०,०३१ रुपये जमा झाले. २९,५०० हप्त्यांचे आणि ५३१ जानेवारी २०२५ च्या हप्त्यावरच्या जीएसटीचे. जुन्या वर्षांचा कर परत करता येत नाही, असं कंपनीने लिहिलं. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे दिलेल्या बिलाची रक्कम नंतर कमी झाली तर क्रेडिट नोट काढावी लागते, आणि कर कमी करून घ्यायचा असेल तर ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच दाखवता येते. जानेवारी २०२५ चा हप्ता २०२४-२५ या आर्थिक वर्षातला, त्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२५. आमचा अर्ज दिवाळीनंतर गेला असता तर कदाचित हे ५३१ रुपयेही मिळाले नसते. आधीच्या करापोटी साडेचार हजारांच्या वर रक्कम गेली, ती गेलीच. त्याबद्दल मला वाईट वाटतं, पण त्यावर अजून भांडण्यात अर्थ नव्हता.

पैसे आले म्हणून काम संपलं नव्हतं. पृष्ठांकनाचा, म्हणजे दुरुस्तीची नोंद असलेला, कागद बाँडला जोडून परत आला, त्यावर 'वय मान्य' आणि ०१-०६-१९८९ दोन्ही आहे की नाही ते पाहिलं. संकेतस्थळावर जन्मतारीख बदलली आहे का ते पाहिलं, आणि मग पॅन पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. बँकेतून आपोआप जाणाऱ्या हप्त्याचा आदेश जुन्या रकमेचा होता, म्हणून शाखेला कळवून नवी रक्कम मागवायला सांगितली. भाच्याच्या बायकोने बाँड, पृष्ठांकन आणि अर्जाची पोच एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. उद्या दावा करायची वेळ आली तर ते कागद तिलाच पुढे करायचे आहेत, आणि त्या वेळी दोन जन्मतारखांचा खुलासा द्यायला तिच्याजवळ कुणी नसेल.

१४ जानेवारी २०२६ ला भाच्याने बंदरावरून फोन केला. बँकेचा मेसेज आला होता, ५,२०० रुपये वजा. आदल्या वर्षी याच दिवशी ९,६१७ गेले होते. "कर कुठे गेला मामा?" त्याने विचारलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी उठला आहे, असं मी सांगितलं. मागे लिलावाचा गलका चालला होता, त्याला बर्फ भरायचा होता, त्याने फोन ठेवला.